ब्याण्णव वाजता लावलेली गाडी

अक्कलदाढ काढायची होती. सोबत धाकट्या जावेला घेतलं, ही माझी चूक. तिला हसू आलं की आवरत नाही.

राजारामपुरीत दवाखान्यासमोरच पैसे देऊन गाडी लावायची सोय आहे. चौकात पाटी आहे: चारचाकीला पहिले दोन तास वीस रुपये, पुढच्या प्रत्येक तासाला दहा, तास अर्धवट असला तरी पूर्ण धरणार. पाटी वाचल्याशिवाय मी गाडी लावत नाही. सकाळपाळीच्या म्हाताऱ्या माणसानं पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ लिहिली: १.२०. म्हणजे तीन वीसच्या आत निघायचं. वीस रुपयांच्या वर एक रुपया द्यायचा नाही, असं जावेला बजावून मी दवाखान्यात शिरले.

तीन वाजून दहा मिनिटांनी बाहेर आले. दाढ गेली होती आणि इंजेक्शनामुळे अर्धं तोंडही गेल्यातच जमा होतं. ओठ कुठे संपतो आणि हनुवटी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. पण दहा मिनिटं हातात होती. मी पावती आणि वीसची नोट पुढे केली.

दोनला पाळी बदलली होती. आता भरघोस मिशांचा एक गृहस्थ होता. त्यानं पावती पाहिली आणि मान हलवली.

"साठ द्या, अक्का."

मी डोळे वटारले. तेवढंच धड जमत होतं.

"नऊ वीसला लावलीय की गाडी. सहा तास व्हायला आलं."

मी पावतीवर बोट ठेवून ठासून सांगितलं, "एक वीस!" तोंडातून मात्र निघालं, "एख फीस!"

"व्हय, फीसच मागतोय की! एक न्हाय, साठ रुपये फीस."

माझ्या मागे जावेनं पदर तोंडात कोंबला.

"फावफी भगा!" मी ओरडले. पावती बघा, एवढंच म्हणायचं होतं.

"काय म्हणत्यात ह्या?" त्यानं जावेला विचारलं. जाऊ बॉनेटवर ओणवी झाली होती. तिचे खांदे हलत होते.

एरवी असल्या माणसाला मी दोन वाक्यांत सरळ करते. आज वाक्यच सरळ निघेना. मी पावती त्याच्या नाकासमोर धरली आणि तेव्हा मला दिसलं. म्हाताऱ्यानं मराठी एक काढला होता, शेपटीला छान झोक देऊन. इंग्रजी म्हणून वाचला तर तो नऊ होत होता.

"फराठी! फराठी एख!"

"अहो, मराठी एक हाय तो," जाऊ कशीबशी म्हणाली.

"मी निपाणीकडचा, अक्का. कन्नड शाळा. मला ह्यो नऊच दिसतोय. कमी घेतलं तर ठेकेदार माझ्याकडनं कापून घेतोय."

हे मला पटलं. पुरावा दाखवायला हवा होता. त्याच्या खुर्चीला अडकवलेल्या पिशवीत सकाळचं पावतीपुस्तक होतं. मी त्याकडे हातवारे केले. माझ्या पावतीचा क्रमांक दाखवला आणि त्याच्या आधीच्या पावतीची पुस्तकात राहिलेली स्थळप्रत उघडायला लावली. आधीची गाडी आधीच आलेली असणार, एवढं तर त्यालाही मान्य होतं.

त्यानं पान उलटलं. तिथे झोकदार अक्षरात लिहिलं होतं: १२.४०.

"ही गाडी आली," तो मोठ्यानं वाचू लागला, "ब्याण्णव... ऐंशीला."

तो थांबला. मनगटावरच्या घड्याळाकडे त्यानं एकदा पाहूनही घेतलं.

"ब्याण्णव वाजत्यात व्हय कुठं?" जाऊ किंचाळली आणि खाली फुटपाथवरच बसली. मग त्याच्या मिशा थरथरायला लागल्या. मग मी. बधीर तोंडानं हसणं फार वाईट दिसतं. एका बाजूनं हसू येतं आणि दुसऱ्या बाजूनं लाळ. शेजारच्या रसवंतीवाल्यानं उसाचं यंत्र बंद केलं आणि तो आमच्याकडे बघत उभा राहिला.

"चुकलंच की माझं," डोळे पुसत मिशीवाला म्हणाला. "एक वीसच. म्हंजे..."

त्यानं पुन्हा घड्याळ बघितलं. मीही बघितलं. तीन चोवीस.

"आता मात्र तिसरा तास लागला की, अक्का. तीस द्या."

भांडणात गेलेली मिनिटं कापायला सांगायचा विचार मनात आला होता. पण ते सांगायला तोंड कुठलं? आणि जावेनं अजून एक वाक्य ऐकलं असतं तर मला तिलाच उचलून दवाखान्यात न्यावं लागलं असतं. मी वीसच्या नोटेवर दहाची ठेवली आणि हात पुढेच धरला.

"आता काय?"

"फावफी," मी म्हणाले. दहाचीसुद्धा पावती घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही.

ह्या वेळी त्याला बरोबर समजलं. त्यानं जीभ दातांत धरून, जावेला विचारत विचारत, एकेक आकडा मराठीत काढला. चार उलटा निघाला. मी तो चालवून घेतला.