अर्ध्या पोत्याचं माप

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असावी. मी नुकतीच इंजिनियर झाले होते आणि एका सल्लागार इंजिनियरांकडे कामाला लागले होते. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. नागपूरच्या नंदनवन भागात मुलींच्या एका शाळेची इमारत उभी राहत होती, तिच्यावर देखरेख ठेवायला सरांनी मला पाठवलं. माझी स्वतःची शाळा कॉन्व्हेंटची आणि पुढचं शिक्षणही इंग्रजीतच, त्यामुळे मराठीत बोलण्याआधी मी वाक्य मनात एकदा जुळवून बघत असे. ते जुळेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. साइटवर मी फारसं बोलत नसे. बघत असे.

त्या इमारतीत हॉलच्या बीममध्ये सळया इतक्या दाट होत्या की त्यांतून बोट घालणं कठीण. तिथं काँक्रीट पोचवायचं तर ते सैल हवं. ठेकेदारांची सवय सोपी होती, पाणी वाढवायचं. सरांना ते मुळीच चालत नव्हतं. म्हणून त्यांनी प्लॅस्टिसायझरचा ड्रम मागवला. काळसर तपकिरी पातळ औषध, वास उसाच्या मळीसारखा. ते घातलं की पाणी कमी करूनही काँक्रीट सळयांमधून नीट वाहतं. नागपुरात तेव्हा ते फारसं कुणी वापरत नव्हतं. साइटवरची माणसं त्याला नुसतं 'दवा' म्हणत.

सरांनी आधी थोडं थोडं काँक्रीट करून पाहिलं आणि मात्रा ठरवली. सिमेंटच्या एका पोत्याला दीडशे मिलिलिटर. त्या मापाचा एक पत्र्याचा डबा कापून घेतला. दवा कोरड्या सिमेंटवर ओतायची नाही, आधी मिक्सरच्या पाण्यात मिसळायची. ड्रम रोज सकाळी ढवळायचा, कारण खाली गाळ बसतो. आणि हे काम एकाच माणसाकडे ठेवायचं.

ते काम एका रेजाला दिलं. बांधकामावर मजुरी करणाऱ्या बायांना आमच्याकडे रेजा म्हणतात. ही उमरेडकडची, पस्तिशीची बाई. आदल्या वर्षी परांचीवरून पडून तिचा उजवा खांदा दुखावला होता. डोक्यावर घमेलं घ्यायचं तर हात वर जात नसे. ड्रमपाशी उभं राहून डबा भरणं तिला जमण्यासारखं होतं. हे काम गेलं तर दुसरं कुठलं मिळणार नाही आणि गावी परत जावं लागेल, हे तिनं मला एकदा पाणी पिता पिता सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही, एखादा पत्ता सांगावा तसं.

हॉलच्या स्लॅबच्या दिवशी सकाळी मी तिथं होते. पहिल्या मालातून क्यूब भरले, म्हणजे पुढं प्रयोगशाळेत दाबून बघायचे चौकोनी ठोकळे. दुपारी सरांनी ऑफिसात बोलावलं म्हणून गेले. डिसेंबरचे दिवस होते. नागपूरची थंडी तेव्हा सकाळी बोटं आखडवायची.

दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा सगळी माणसं खाली उभी होती, कुणी कामाला लागलं नव्हतं. वर मिस्त्री गुडघ्यावर बसला होता. त्यानं स्लॅबमध्ये खिळा टोचला, तो अख्खा आत गेला.

"मालच नाही पकडला, मॅडम," तो म्हणाला.

ठेकेदार खाली ड्रमपाशी होते. पन्नाशीचे, जाडजूड, बोलताना समोरच्याकडे न बघणारे.

"काय वं, नींद लागली होती काय काल? किती वतलं त्यात?"

"एक डबा. घाण्यामागं एक." रेजाचा आवाज शांत होता. मिक्सरमध्ये एका वेळी होणाऱ्या मालाला ते घाणा म्हणत.

"एक डबा वतला असता तं हे झालं असतं काय? सकाळचे ठोकळे पाय, दगड झाले दगड. सिमेंट चांगलं, रेती चांगली. मंग बिघडवलं कोणं? भूत आलं होतं काय दवा प्यायले?"

एकदोघं हसली. ती हसली नाही. "मले सांगतलं थेच केलं म्या."

"उद्यापासून येऊ नको."

तिनं डबा चुकून दोनदा ओतलाच नसेल असं मला तरी कुठं ठाऊक होतं? मी वर गेले. फळ्या टाकल्या होत्या, त्यांवरून चालत स्लॅबच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे निघाले आणि खिळ्यानं टोचत गेले. जिन्याकडचा भाग टणक होता. खिळा सरकून जायचा, पांढरी रेघ उमटायची. तिसऱ्या बीमपर्यंत तसंच. त्याच्यापलीकडे मात्र खिळा एकदम आत. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे फुटलेले दिसत होते.

थकव्यानं हात चुकला असता तर कुठं मऊ, कुठं घट्ट असं झालं असतं. इथं सरळ सीमा होती. मी मिस्त्रीला बोलावलं.

"काल इथं असताना काही झालं होतं का?"

त्यानं जरा आठवलं. "इथंच तं मोठा मिक्सर बंद पडला. साहेबानं इतवारीतून भाड्यानं दुसरा आणवला. लहान. मंग आम्ही पुढं चालू केलं."

"त्यात सिमेंट किती घालत होता?"

"अर्धं पोतं. लहान आहे ना थो."

"आणि पाणी? जास्त घातलंत?"

"पाणी काहून घालू? माल आपणच धावून राहिला होता. लोण्यावानी. पोरं तं खूश होती."

मी तिथंच उभी राहिले. मिक्सर अर्धा झाला होता, डबा तोच राहिला होता. अर्ध्या पोत्याला पूर्ण डबा, म्हणजे दवा दुप्पट. ठरल्यापेक्षा जास्त दवा पडली की काँक्रीट छान वाहतं, पण घट्ट व्हायचं विसरतं. त्यात थंडी.

सर आले तेव्हा ठेकेदार त्यांना उपाय सुचवत होते. वरून कोरडं सिमेंट भुरभुरू या. नाहीतर लवकर घट्ट करणारी पावडर पाण्यात कालवून शिंपडू. नाहीतर फोडूनच टाकू आणि त्या बाईचा हिशेब आत्ताच मिटवून टाकू.

"वरून शिंपडल्यानं आत काही पोचत नाही," सर म्हणाले. "आणि त्या पावडरीत क्लोराइड असतं, ते सळयांना गंज आणेल. एका दवेची चूक दुसऱ्या दवेनं सुधारायला जाऊ नका. आधी कारण कळू द्या."

"कारण ही उभी आहे ना समोर."

रेजा ड्रमजवळच उभी होती. एका हातानं दुखरा खांदा धरून.

मी वाक्य जुळवत होते. नेहमीसारखं ते जुळेना. शेवटी न जुळवताच बोलले. "सर, तिचं चुकलं नाही. मिक्सर बदलला. माप नाही बदललं."

सगळे माझ्याकडे वळले. मी तिसऱ्या बीमची सीमा सांगितली, लहान मिक्सर सांगितला, अर्धं पोतं सांगितलं. मध्येच इंग्रजीत गेले, परत मराठीत आले. आणि मग जे सांगायचं सगळ्यांत जड होतं ते राहिलं होतं.

"तिला घाण्यामागं एक डबा असं सांगितलं होतं, सर. पोत्यामागं असं कुणी सांगितलं नव्हतं."

सरांनी ड्रमजवळचा डबा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "हो. घाण्यामागं, असं मीच म्हणालो होतो. तेव्हा घाणा म्हणजे पोतंच होतं."

ठेकेदार मिक्सरकडे बघत राहिले. तो त्यांनीच आणवला होता.

सरांनी स्लॅब फोडू दिला नाही. पाणी वाढवलेलं नाही, ही जमेची बाजू होती. ओल उडू नये म्हणून ओली पोती आणि वर प्लॅस्टिक टाकायला सांगितलं, वर कुणी चालायचं नाही, खालचा एकही टेकू हलवायचा नाही. दवा जास्त झाली तर बऱ्याचदा माल उशिरा पकडतो, पण पकडतो. मात्र अशा दवेनं आत हवा अडकते आणि ताकद कमी होऊ शकते, म्हणून नुसत्या वाट बघण्यावर भागणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. सकाळचे क्यूब या भागाबद्दल काहीच सांगू शकत नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी रेजा गेटपाशी मला म्हणाली, "बाई, मी येऊ का उद्या?"

"ये," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. मला अजून काहीतरी म्हणायचं होतं.

ती आली. पण ड्रमकडे गेली नाही. विटांच्या ढिगापाशी बसून डाव्या हातानं विटा ओल्या करत राहिली. तिसऱ्या बीमपलीकडचा माल आणखी एका दिवसानंतर घट्ट झाला. टेकू नेहमीपेक्षा खूप जास्त दिवस ठेवले. मग ते काढून स्लॅबवर रेतीची पोती रचली, खाली किती वाकतो ते मोजायचं यंत्र लावलं आणि पूर्ण दिवस तसंच ठेवलं. पोती काढल्यावर स्लॅब जवळजवळ पूर्ण जागेवर आला. सरांनी मान हलवली. ठेकेदारांनी नारळ फोडला.

पुढचा स्लॅब वरच्या मजल्याचा. सकाळी ठेकेदारांनी हाक मारली, "चाल वं, ड्रमपाशी उभी राय."

ती हलली नाही. "नाई, साहेब. काही झालं तं पुन्हा माह्यावरच येते."

"आता काहून येईन? झालं ना सगळं नीट."

"पैले सांगा मंग. सगळ्याइसमोर. कोणता मिक्सर, किती पोतं, किती दवा. मंग मी वतते."

सगळे थांबले. काँक्रीट हलवून बसवायचा व्हायब्रेटर हातात धरलेला माणूसही थांबला. मला वाटलं, ठेकेदार आता ओरडतील. ते पायाशी बघत होते. मग घसा साफ करून म्हणाले, "मोठा मिक्सर. पोतं एक. दवा एक डबा. मिक्सर बदलला तं काम बंद, मॅडमले विचारल्याबिगर चालू नाई."

आवाज इतका खाली होता की मागच्यांना ऐकूच गेलं नाही. "पुन्हा सांगा," रेजा म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

मग ती उठली, पदर खोचला, काठीनं ड्रम तळापासून ढवळला आणि डबा भरून पाण्यात ओतला. हात खांद्याच्या वर कुठं न्यावा लागला नाही. मिक्सर सुरू झाला. मी त्याच्या आवाजात तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि स्लॅब संपेपर्यंत तिथून हलले नाही.