न थांबणारा फ्रिज

तीस वर्षं मी तंजावुरातल्या एका शाळेत फिजिक्स शिकवलं. उष्णता कशी वाहते, बाष्पीभवनाने गारवा कसा येतो, फ्रिजच्या आत काय चालतं, हे सगळं मी फळ्यावर खडूने काढून दाखवलं. आमच्या घरातला फ्रिज मात्र ह्या विद्वत्तेच्या तावडीतून जेमतेम जिवंत सुटला.

माझी बायको इडली-दोशाचं पीठ विकते. तांदूळ-उडीद रुब्बून, म्हणजे वाटून, रात्रभर आंबवून, सकाळी पिशव्या भरून फ्रिजमध्ये ठेवायच्या. दुपारपर्यंत गल्लीतली माणसं घेऊन जातात. वाटायला ही गोष्ट साधी वाटेल. पण आम्ही पडलो मराठी. आमचे पूर्वज इथे येऊन कित्येक पिढ्या झाल्या, तरी तमिळ गल्लीने मराठी बाईच्या हातचं दोशाचं पीठ विकत घ्यावं, म्हणजे मासळीला पोहायला शिकवण्याची फी मिळण्यासारखं आहे. तिला त्याचा फार अभिमान होता. बोलून दाखवायची नाही, पण पिशवीची गाठ मारताना चेहऱ्यावर दिसायचा.

नवरात्रात आमच्याकडे कोलु मांडतात, नऊ पायऱ्यांवर बाहुल्या. पायऱ्यांना जागा हवी म्हणून मी फ्रिज भिंतीतल्या कोनाड्यात ढकलला, पार मागे टेकेपर्यंत. पाहुण्यांना बाजूने ती काळी जाळी दिसू नये म्हणून मागे एक जुनं रेशमी लुगडं सोडलं. केवढं कौतुक झालं त्या सजावटीचं! बाहुल्या पेटीत परत गेल्या. फ्रिज तिथेच राहिला, आणि लुगडंही. चांगली झालेली गोष्ट कोण बदलतो?

थंडीत काही कळलं नाही. पंगुनीचं, म्हणजे फाल्गुन-चैत्राचं, ऊन तापलं तेव्हा फ्रिज थांबेनासा झाला. म्हणजे चालूच. सकाळ, दुपार, रात्र, घुं-घुं. मला ते आवडलं. एवढी हजेरी माझ्या एकाही सहकाऱ्याची नव्हती. वरच्या बर्फाच्या कप्प्याभोवती बोटभर जाड पांढरा थर चढला, तो पाहून तर मी खूश झालो. ज्या फ्रिजमध्ये एवढा बर्फ, तो गार करणार नाही तर काय? बर्फाच्या घरात माणूस उबदार का राहतो, हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालत असे. बर्फ उष्णता अडवतो, हे उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क.

एका दुपारी पिठाच्या पिशव्या फ्रिजमध्येच फुगून टम्म झालेल्या सापडल्या. बायको म्हणाली, "अहो, पीठ आंतच फुगून उलंडतंय. फ्रिज गार करत नाहीं कीं काय, बघा बरें."

मी बघितलं. आत हात घातला, बर्फावर बोट टेकवलं, बोट गार झालं. शास्त्रीय परीक्षा संपली. थर्मोस्टॅटचा खटका शेवटच्या आकड्यावर नेला आणि म्हणालो, "फ्रिज उत्तम आहे. नाचता येईना अंगण वाकडं!" वर हेही सांगितलं की वय झालं की हाताला ऊब येते, पीठ लवकर आंबतं, उडीद कमी घाल.

तिने उडीद कमी घातला. मग मीठ उशिरा घातलं. मग पहाटे उठून गार पाण्याने रुब्बू लागली. पीठ आंबटच. गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली. जेवताना मी दोशाचा तुकडा मोडून तोंड वाकडं करायचो, म्हणजे तिला आपली चूक कळावी. एके दिवशी ती म्हणाली, "पोदुम, पुरे झालें. उद्यापासून बंद करतें." आणि रुब्बायचं यंत्र पुसून त्यावर कापड घातलं.

तेव्हा मला जरा बरं वाटेनासं झालं. फ्रिजला एकदा ताळ्यावर आणू, म्हणून मी स्विच बंद केला, लगेच चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तिसऱ्यांदा घुं-घुं आलीच नाही. 'हूं' असा आवाज, मग टक्. थोड्या वेळाने पुन्हा हूं, टक्. नुसता टक्, टक्, टक्. कॉम्प्रेसर मेला, असं मी जाहीर केलं आणि मेकॅनिकला फोन केला.

तो पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. माझं निदान शांतपणे ऐकून घेतलं आणि फ्रिज कोनाड्यातून बाहेर ओढला. लुगडं बघितलं. माझ्याकडे बघितलं. लुगड्यामागच्या जाळीवर धूळ, धाग्यांचे तंतू, स्वयंपाकघराचं तेल आणि रस्त्यावर वाळवलेल्या भाताचा कोंडा मिळून घोंगडीच झाली होती.

"सार, आतली उष्णता इथून बाहेर पडते," तो म्हणाला. "तुम्ही तिला साडी नेसवलीत."

त्याने खाली कॉम्प्रेसरच्या बाजूचं झाकण काढून स्टार्ट रिले, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारी डबी, उपसली आणि कानाशी धरून हलवली. आत तुकडे खुळखुळले. मीटर लावून कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिना तपासल्या. आतल्या तारांचं वाइंडिंग शाबूत, म्हणजे कॉम्प्रेसर जिवंत. त्याने सांगितलं, थांबलेल्या फ्रिजला आतला दाब उतरायला पाच मिनिटं तरी द्यावी लागतात; त्याआधी चालू केला तर कॉम्प्रेसर सुरू होत नाही, तापतो, आणि दर वेळी रिलेला मार बसतो. तापून म्हातारा झालेला रिले माझ्या खटखटीने गेला होता.

"म्हणजे रिलेमुळे गार होत नव्हतं!" मी सुटकेचा श्वास सोडला.

"नाही सार. रिले आज गेला. तो आधीच गेला असता तर फ्रिज चालूच झाला नसता. चालत होता, म्हणजे रिले बरा होता. गार होत नव्हतं ते ह्या जाळीमुळे, आणि वरच्या बर्फामुळे. गारवा बर्फाच्या आतच अडकून राहतो."

बर्फाच्या घरातल्या माणसाबद्दल मी काही बोललो नाही.

दार उघडं ठेवून, पंखा लावून त्याने बर्फ वितळू दिला. बर्फ खरवडायला मी सुरी आणायला उठलो, तर त्याने हात जोडले. नळीला भोक पडलं तर फ्रिजचं कायमचं काम तमाम. जाळी ब्रशने साफ केली, नवा रिले बसवला, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घेतला. सुरू झाला. संध्याकाळी, कित्येक आठवड्यांनी, तो आपोआप थांबला. ती शांतता ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत निघालो. तीन घरी ऐटीत सांगितलं, फ्रिज बिघडला होता, आता दुरुस्त झाला, पीठ पुन्हा घ्या. चौथं घर समोरच्या मामींचं, बायकोची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक.

"फ्रिज?" मामी म्हणाल्या. "मी तिला तेव्हाच विचारलं होतं, फ्रिज बघून घे म्हणून. ती म्हणाली, 'आमच्या सारांनी बघितला, फ्रिज चांगला आहे. माझाच हात गेला.'"

मी दारात उभा. म्हटलं, "हात नव्हता गेला, मामी. फ्रिजही नव्हता. मी होतो."

"हे तिला सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. तीन घरांत सांगत फिरलो, आपल्या घरात नाही.

घरी आलो तर यंत्रावरचं कापड निघालेलं. उडीद घरघरत होता, ती हाताने कडेचं पीठ आत ओढत होती. मी शेजारी उभा राहून सगळं सांगितलं. कोनाडा, लुगडं, बर्फ, खटका, आणि तुझा हात उत्तम आहे, हेही.

तिने यंत्र बंद केलं. हाताचं पीठ निपटून भांड्यात सोडलं.

"यंत्राच्या आवाजांत कांहीं ऐकूं आलें नाहीं," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."