श्रोते नाराज होते, असं मी लिहिलं

नववीत असताना शाळेच्या वार्षिकांकासाठी एका मैफलीचं परीक्षण माझ्या गळ्यात पडलं. गाणार होत्या आमच्याच संगीताच्या बाई. त्यांची ही पहिलीच जाहीर मैफल, आणि मी समोर बसून ऐकलेलीही पहिलीच. त्याआधी माझी मजल पुंडलिकनगरातल्या वरातीच्या बँडपर्यंत.

अंक काढणारे मराठीचे सर म्हणाले, "गाणं कसं झालं ते लिही, अन् लोकांचा मूड लिही."

मूड ओळखण्यात आपण वस्ताद, असा माझा समज.

बाईंनी डोळे मिटून यमन सुरू केला, इतका संथ की मीच चुळबुळत चार वेळा घड्याळ पाहिलं. एसीच्या गारव्यानं तबल्याचा सूर सरकला, तबलजी मधूनच हातोडीनं ठोकून तो जुळवू लागले. मी लिहिलं, 'तबला नादुरुस्त.' माझ्या पुढं बसलेले छावणी भागातले एक काका बोटांची पेरं मोजत होते, मग एकदम मांडीवर थाप मारून, मान आडवी हलवून "च्च् च्च्, अरे अरे" करायचे. पाहता पाहता सगळी रांग तेच करू लागली. कोणत्या शब्दाला कोणी असं केलं, ते मी इमानदारीत वहीत टिपत गेलो. परीक्षणात ठोकलं, 'श्रोते नाराज होते. काही जण कंटाळून बोटं मोजत होते. मांडीवर हात आपटून त्यांनी निषेध नोंदवला.'

दुसऱ्या दिवशी लेख अंकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत सरांचा फोन.

"येड्या, ती दाद असती रे! बारा मात्रा मोजून समेला थाप देतेत लोक. काढ ते आधी!"

काढलं. पण बाईही त्याच ग्रुपवर, तोवर त्यांनी वाचलं होतं. रात्रभर मी कूस बदलत राहिलो.

सकाळी संगीताच्या खोलीत गेलो, तर बाई तानपुऱ्याला गवसणी घालत होत्या.

"खरंच नाय आवडलं का रे लोकांना? माझे तर डोळे मिटलेले. परत गावं की नाय, तेच समजंना."

मी घाईघाईनं काकांची थाप, मान, "च्च् च्च्" सगळं करून दाखवलं. सरांनी सांगितलेला अर्थही सांगितला. बाईंचा विश्वास बसेना.

"माझं मन राखायलोस तू. कोणत्या जागेला केलं असं?"

मी वही पुढं केली. त्या पान उलटून बघायच्या, ती जागा हळूच गुणगुणून पाहायच्या, पुढच्या नोंदीवर बोट ठेवायच्या. एका शब्दापुढं मी 'पूर्ण रांगेचा निषेध' लिहिलं होतं. ती जागा त्यांनी दोनदा गुणगुणली. मग गवसणी काढून त्यांनी तानपुरा पुन्हा मांडीवर घेतला.

वही त्यांनी ठेवूनच घेतली. परीक्षण मला आठवेल तसं नव्यानं लिहावं लागलं.