पिवळ्या दोऱ्याचा खिसा

बारा पँटी सोमवारी सकाळी परत आल्या आणि दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर बोललं गेलं की खिसेवालीचे हात गेले.

ती बावन्न वर्षांची. हजेरीपुस्तकात तिचं रीतसर नाव आहे, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उच्चारलं जातं. एरवी ती खिसेवाली. गेली सहा वर्षं पँटचा मागचा खिसा आणि कोटाचा खालचा खिसा या दोनच गोष्टी ती करते. त्याआधीची अकरा वर्षं काजं आणि बटणं. खिशाच्या मशीनवर बाई बसत नसे. कापड कापणारे मास्तर म्हणत, "सदरा बिघडला तर उसवता येतो. खिसा म्हणजे चांगल्या कापडाला भोक पाडायचं. बाईचा हात थरथरतो." कोणाचा हात कशानं थरथरतो हे त्यांना विचारायची सोय नव्हती. ते मजल्यावर सर्वांत जुने.

तिला कोणी शिकवलं नाही. ती भंगारातल्या पँटी घरी नेऊन खिसे उसवायची. एकेक टाका मागं जायचं, कुठला आधी आणि कुठला नंतर ते वहीत लिहायचं. खिसा तिला उलटाच पाठ झाला. मशीनवरचा माणूस काम सोडून गेला त्या दिवशी ऑर्डर अडलेली होती. ती विचारायला गेली नाही, जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत नऊ खिसे झाले आणि तिला उठवायचं राहून गेलं.

या कारखान्यात एक पद्धत आहे. खिसा करणारा आपल्या रंगाच्या दोऱ्याचा एक आखूड टाका खिशाच्या पिशवीत आत मारतो. माल परत आला की पिशवी उलटी करायची, कोणाचं काम ते कळतं. तिचा दोरा पिवळा. परत आलेल्या बाराही पिशव्यांत तो होता.

ऑर्डर एका हॉटेलच्या वेटरांची. गडद निळ्या साठ पँटी, शनिवारी द्यायच्या. पहिल्या बारा आधी देऊन दोन दिवस अंगावर घालून पाहिल्या होत्या. मागचा खिसा म्हणजे साडेपाच इंचांची चीर आणि तिच्या दोन्ही काठांना पाव पाव इंचाचे ओठ. ओठ मिटलेले आणि सपाट हवेत, चारही कोपरे काटकोनात. या बारांचे ओठ सुटले होते. खिसे जांभई दिल्यासारखे उघडे, आणि कोपऱ्यांपासून कापडावर मांजराच्या मिशांसारख्या चुण्या.

मालकांनी पँट टेबलावर टाकली. मालक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलायला मऊ. "मावशी, हे काय झालं?"

ती उत्तर देण्याआधी मास्तर बोलले. "कात्री कमी गेली. कोपऱ्याला तिरपी कात्री शेवटच्या टाक्यापर्यंत न्यायची असते. बाई घाबरली, आधीच थांबली. मग चुण्या पडणारच."

"मी घाबरले?"

"डोळे जातात वयानं. त्यात लाजायचं काय."

"तुमचे गेले तेव्हा सांगितलं होतं का कोणाला?"

इस्त्रीवाला हसला आणि इस्त्री उचलून पुन्हा ठेवली. मालक हसले नाहीत. त्यांनी हिशेबी तोडगा काढला होता: बारा खिशांच्या ओठांत चिकटपट्टी घालून दाबायचं, कोपऱ्यांवर जाड टाके मारायचे म्हणजे चुण्या झाकतील. उरलेल्या अठ्ठेचाळीस पँटींचे खिसे बाहेर देऊ. "तुम्ही उद्यापासून बटणांवर बसा. ते बारा तेवढे आज दुरुस्त करा. दोरा तुमचाच राहू दे."

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"चिकटवणार नाही. चिकटवलेल्या खिशाला माझा दोरा लागणार नाही. दोन पँटी घरी नेते. उद्या सकाळी सांगते काय झालंय. मग बटणांवर बसवायचं तर बसवा."

मालकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खडूला धार करत होते. "नेऊ दे," ते म्हणाले. "उसवायची हौस आहे तिला."

संध्याकाळी दिवा लावायच्या आत तिनं खिडकीपाशी टेबल ओढलं. नवरा निवृत्त बसचालक. तो समोर बसून शेंगा सोलत होता.

"एवढं काय बघतेस? माझ्या खिशाचं तोंड उघडं असलं तरी चालतं. आत काही नसतंच."

"तुमच्याकडे ऑर्डर नसते, परत यायला."

"मला परत पाठवायला तुझी आई झाली होती ना तयार. तूच ठेवून घेतलंस."

"अहो, प्रकाशात बसू नका, सरका."

तिनं पहिला खिसा आतून उलटा केला. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सुईनं वर उचलला. कात्री शेवटच्या टाक्याला टेकून थांबली होती, टाका न तुटता. चारही कोपरे तसेच. दोन्ही शिवणी एकाच धाग्यावर सुरू होऊन एकाच धाग्यावर संपलेल्या. हा खिसा बरोबर होता आणि तरी उघडा होता.

दुसऱ्या खिशात मात्र एका कोपऱ्यात कात्री एक धागा आधी थांबलेली होती. ती बराच वेळ तिथंच बघत राहिली. मास्तरांचं म्हणणं एका कोपऱ्यापुरतं खरं होतं, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

मग तिनं ओठाची पट्टी उसवली. पट्टीच्या मागं फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं कडक अस्तर, लावलेलं होतं, तिला पट्ट्या तशाच तयार मिळाल्या होत्या. हाताला कडक लागल्या म्हणून तिनं पुढं पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. कापडाचे धागे पट्टीला समांतर नव्हते, आडवेही नव्हते. कोनात चालले होते. तिनं दोन टोकं धरून ओढलं. पट्टी बोटभर लांबली आणि सोडल्यावर पूर्ण मागं आली नाही.

"उरेप," ती म्हणाली.

"काय?"

"तिरका कापलाय. गळ्याच्या पायपिंगला असा कापतात, वळावा म्हणून. खिशाच्या ओठाला कोणी उरेप लावतं का? दोनदा हात घातला की ओठ सैल. आणि सैल ओठ कोपऱ्याला ओढतो."

"मग मास्तरांनी असा का कापला?"

"पँटी कापताना दोन मांड्यांच्या मध्ये तिरपे तुकडे उरतात. त्यातनं काढला. कापड वाचलं." तिनं पट्टी वहीत ठेवली. "आणि मी न बघता लावला. सहा वर्षं मास्तरांच्या कापण्याकडे कोणी बघत नाही, म्हणून मीही नाही."

नवऱ्यानं एक शेंग तिच्यापुढं सरकवली. "गाडीत बिघाड असला तर मी डेपोतनं बाहेर काढत नव्हतो. लोक खाली उभे राहून शिव्या द्यायचे."

"मग?"

"मग काय. द्यायचे. मी खाली उतरून डबा खायचो."

सकाळी तिनं उरलेल्या दहा पँटींचे खिसे सगळ्यांसमोर उलटे केले. मालकांना बोलावलं, मास्तरांना बोलावलं नाही, पण ते आले. तिनं प्रत्येक कोपरा सुईनं उचलून दाखवला. मग काल उसवलेली पँट पुढं ठेवली.

"हा कोपरा माझा. एक धागा कमी. बाकी अकरा पँटींत माझी कात्री चुकलेली नाही." मग वहीतली पट्टी काढली. "आता ही ओढा."

मालकांनी ओढली. ती लांबली. त्यांनी अजून ओढली.

मास्तर म्हणाले, "फ्युजिंग लावलंय मागं. धरतं ते."

"टेबलावर धरतं. वेटरच्या मागं नाही."

"कापड वाचवायला तुम्हीच सांगितलं होतंत," मास्तर मालकांना म्हणाले.

"कापड वाचवा म्हणालो. ओठ उरेप कापा म्हणालो नाही."

मग मालकांनी मुद्द्याचं विचारलं. साठ पँटींच्या सगळ्या पट्ट्या अशाच कापून झाल्या होत्या आणि निळं कापड संपलं होतं. "आता सरळ पट्टी आणायची कुठून?"

हे तिनं रात्री झोपण्याआधीच ठरवलं होतं. "अठ्ठेचाळीस पँटींचे पाय अजून जोडलेले नाहीत. सगळे उंच माणसाच्या मापानं कापलेत. वेटरांच्या उंचीची यादी आहे. बुटक्यांच्या पायाखालून चार चार इंच कापड निघतं, दुमडायचं सोडून. त्यात आडव्या धाग्याच्या पट्ट्या बसतात, सात साडेसात इंचाच्या. आडवा चालतो, तिरका नाही."

"बुटक्यांच्या जिवावर," इस्त्रीवाला म्हणाला.

"आणि उरेप पट्ट्या?" मालकांनी विचारलं.

"त्यांचं काय करायचं ते मास्तर बघतील."

मास्तर निघून गेले. मालक यादी आणायला गेले. ती बटणांच्या टेबलाकडे गेली नाही, खिशाच्या मशीनवर बसली. तिला उठवायला कोणी आलं नाही.

जुन्या चिरेत नवे ओठ बसवणं हे नव्या खिशापेक्षा कठीण. चीर आधीच पडलेली असते, एक धागा सरकला तरी भोक. तिनं जुने ओठ आणि पिशव्यांतले आपले पिवळे टाके उसवले. मग चारही कोपऱ्यांच्या मागं फ्युजिंगचे तुकडे चिकटवले, म्हणजे धागे निसटणार नाहीत. पट्ट्या लांबीत दुमडून इस्त्री केल्या. एकेक पट्टी जुन्या टिपेवरच शिवली, टोकाला बारीक टाके घेऊन. आत उलटवल्यावर ओठ जेमतेम भिडतील असे बसवले आणि दोन्ही ओठ कच्च्या टाक्यांनी एकमेकांना बांधले. मग कापड बाजूला दुमडून त्रिकोण पट्ट्यांवर बसवला आणि तीनदा टीप मारली. चुकलेल्या कोपऱ्याला आधी एक धागा कात्री लावली. एकच.

बुधवारी दुपारी बारा पँटी इस्त्रीवाल्याकडे गेल्या. त्यानं ओल्या कापडावरून दाबलं, कच्चे टाके ओढून काढले. ओठ मिटलेले राहिले.

मास्तर टेबलापाशी आले. त्यांनी एक पँट उचलली आणि खिशात पंजा घालून बाहेर काढला. पुन्हा घातला, या वेळी मूठ करून. असं सहासात वेळा. ओठ मिटले. मग पिशवी उलटी केली. आत दोरा नव्हता.

"दोरा विसरलीस."

"विसरले नाही. आधी एक ठरायचंय." ती मशीनवरून उठली नाही. "पट्ट्या यापुढं मी कापणार. खिसा माझा, तर पट्टीही माझी."

"कापायचं टेबल माझं आहे."

"टेबल तुमचंच राहू दे. मला दीड फूट जागा लागते."

मास्तरांनी मालकांकडे पाहिलं. मालक वेटरांची यादी वाचत होते, किंवा वाचल्यासारखं करत होते. "द्या तेवढी जागा," ते मान वर न करता म्हणाले.

"पहिल्याच दिवशी वाकडी कापशील," मास्तर तिला म्हणाले.

"मग माझा दोरा असेल त्यात. पिशवी उलटी करून दाखवा सगळ्यांना."

मास्तरांनी पँट खाली ठेवली. जाऊन कापायच्या टेबलावरचे कागद आणि मोजपट्टी एका अंगाला सरकवली. दीड फूट नव्हे, फूटभरच असेल. तिनं मोजलं नाही. आधी सुईत पिवळा दोरा ओवला, बारा पिशव्यांत बारा टाके मारले आणि मग आपली कात्री घेऊन त्या टेबलाकडे गेली.