बऱ्हाणपूरचा बेत

पिंपळगाव राजातल्या रंगरावांच्या घरात चूल, गोठा आणि तीन लेकरं वच्छलाबाईंच्या अंगावर होती. ऐन तारुण्यात कुंकू पुसलं गेलं, तेव्हापासून त्या धाकट्या भावाकडंच होत्या. लेकरं शाळेत आणि माणसं शेतात गेली की त्या गाईशी बोलत. दुसरं कोणी नसे.

मागल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगराव बायकोला आणि लेकरांना घेऊन बैलगाडीनं लोणारला निघाले होते. पहाटे झोपेतून उचलून लेकरांना गाडीत टाकलं. कुठं जायचं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. खामगावच्या पुढं लेकरं अशी भांडली, अशी रडली, की रंगरावांनी बैल माघारी वळवले.

"अवंदा मी कोनाले कुठी नेत नाही," यंदा सुट्टी लागल्यावर ते म्हणाले.

"बेत लेकराइले करू दे ना, रंगा," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी बसते त्याइच्या संग."

"लेकरं काय बेत करतीन, बाई?" रंगराव हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

दुपारी वच्छलाबाईंनी तिघांना ओसरीवर बसवलं. "दोन जागा मी सांगते. एक लोणारचं सरोवर, नाही तं आगगाडीनं बऱ्हाणपूर. तिथं किल्ला हाये, तापी हाये. दोन रात्री राह्यचं, ते तुमच्या बाबानं ठरवलं हाये. बाकीचं तुमी बोला."

दुपारभर वाद झाला. शेवटी आगगाडी जिंकली. लोणारसाठी हटून बसलेल्या पंजाबला वच्छलाबाई म्हणाल्या, "मंग बऱ्हाणपुरात आधी काय पाह्यचं, ते तू सांग." त्यानं किल्ला सांगितला आणि त्याचा रुसवा गेला.

मग कामं वाटली. थोरली कोकिळा शिदोरी सांभाळणार. दशम्या कुठं सोडायच्या, ते तीच ठरवणार. पंजाबकडं पाण्याचा फिरकीचा तांब्या. सात वर्षांच्या इंद्रभानकडं गाठोडी. गाडी बदलताना सगळी आली का, ते त्यानं पाहायचं. खिडकीवरून भांडण होणार हे ओळखून वच्छलाबाईंनी तो विषय आधीच काढला. दर स्टेशनाला जागा बदलायची, असं तिघांनीच ठरवलं.

"आता ठरलं ते ठरलं," त्या म्हणाल्या. "मधात कोनी कुरकुर करायची नाही."

"हाव!" तिघं ओरडली.

नांदुऱ्यापर्यंत बैलगाडीनं जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी, कोण कुठं बसणार म्हणून कोकिळेनं जमिनीवर कोळशानं गाडी काढली आणि चिंचोके मांडले. गडी, बाबा, आई, ती, पंजाब, इंद्रभान. मूठ रिकामी झाली. वच्छलाबाई वाट पाहत राहिल्या. गेल्या चार दिवसांत त्यांनी मनातल्या मनात आपलं एक लुगडंही काढून ठेवलं होतं.

"अन् गाय कोन दोहीन?" पंजाबनं विचारलं.

"आत्या हाये ना घरी," कोकिळा सहज म्हणाली.

वच्छलाबाईंच्या ओठावर शब्द आला; पण कुरकुर करायची नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. "हाव. मी हाये," त्या म्हणाल्या.

गाडी गेली त्या सकाळी त्या बराच वेळ वेशीवर उभ्या होत्या. मग घरी येऊन त्यांनी सवयीनं सगळ्यांच्या भाकरी थापल्या आणि शेवटी उरलेल्या गाईला घातल्या. आता नांदुरा आलं असेल, आता पंजाब खिडकीशी बसला असेल, असं म्हणत त्या अंगण झाडत राहिल्या. संध्याकाळी दिवा लावला, तेव्हा बोलायला जीभ जड झाली होती. दिवसभरात त्या कोणाशी बोललेल्याच नव्हत्या.

माणसं परतली ती हसतच. "बाई, भुसावळले आमची गाडी चुकली," रंगराव सांगू लागले. "अर्धा दिवस फलाटावर होतो. एक लेकरू रडलं नाही! कोकिळेनं बरोबर भुकेच्या वेळी दशम्या सोडल्या. अन् एक गाठोडं राह्यलं होतं, ते ह्या लहान्यानंच पकडलं."

"किल्ला कसा होता रे?" वच्छलाबाईंनी पंजाबला विचारलं.

"मंग सांगतो, आत्या," म्हणून तो सवंगड्यांकडं पळाला. मागोमाग दोघं. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं खूप होतं आणि ऐकणारेही खूप होते. वच्छलाबाईंनी धुळीनं भरलेली गाठोडी सोडली, कपडे भिजत घातले.

पुढल्या सुट्टीत लोणारचा बेत करायला लेकरं आपणहून ओसरीवर जमली. वच्छलाबाईही त्यांच्यात येऊन बसल्या.

"मले बी यायचं हाये," त्या म्हणाल्या.

"तुले यायचं राह्यते, आत्या?" कोकिळा गोंधळली. "आमाले वाटलं, तुले आवडत नाही."

"कोनी विचारलंच नाही, माय."

कोकिळेनं मान खाली घातली. मग शेजारच्या मंजुळाबाईला गाय दोहायला सांगायचं, असं इंद्रभाननं सुचवलं आणि ते ठरलं. लोणारला वच्छलाबाई गेल्या. गाडीत मागच्या बाजूला त्यांना जागा मिळाली. लेकरं पुढं बैलांजवळ, आपसात बोलत होती. त्या मागं सुटत जाणारा रस्ता पाहत बसल्या.