गणपतीसाठी वाढवलेली पार लेव्हल

परळच्या एका हॉस्पिटलात मी वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. सलाईनच्या सुईपासून हातमोज्यांपर्यंत वॉर्डातल्या प्रत्येक वस्तूचा एक आकडा ठरलेला असतो. त्याला पार लेव्हल म्हणतात. स्टोअरवाला रोज सकाळी कपाटातला माल मोजतो आणि आकड्यापेक्षा जेवढा कमी असेल तेवढा भरून जातो. आकडा कमी ठेवला तर माल ऐन वेळी संपतो, जास्त ठेवला तर पडून एक्स्पायर होतो.

गणपतीत लालबागच्या गर्दीत मालाची गाडी अडकते, म्हणून आम्ही दरवर्षी आकडा वाढवायचो. गणपती गेल्यावर तो खाली आणायचं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. पुढच्या वर्षी त्या वाढलेल्या आकड्यावर आणखी वाढ. शेवटी सुयांची खोकी आमच्या कपडे बदलायच्या खोलीत आली आणि आम्ही बाथरूममध्ये कपडे बदलू लागलो. नवी खोकी पुढे लागायची, मागची तिथेच एक्स्पायर व्हायची.

एकदा माझं डोकं फिरलं. सुया रोज खरोखर किती लागतात ते पाहिलं आणि आकडा निम्म्यावर आणला; तरी तो गरजेपेक्षा जास्तच होता. वरची खोकी स्टोअरला परत पाठवली. स्टोअरवाला म्हणाला, "सिस्टर, बघा हां, कमी पडेल."

दुसऱ्या दिवशी दुपारीच सुयांचा कप्पा रिकामा. पेशंट नेहमीएवढेच होते.

"बोललो होतो ना?" स्टोअरवाला म्हणाला.

सगळ्या सिस्टरांना लॉकर उघडायला लावावेत, असं मनात आलं. पण मग माझाही उघडावा लागला असता.