बासी पाणी

अंघोळीचे आणि कपडे धुण्याचे पाणी संडासात वापरायचे, तर ते किती वेळ साठवून ठेवावे? आमच्या घरापुरते उत्तर मला हवे होते, कारण त्यावर माझ्या यजमानांचे स्वतःच्या पायांनी संडासात जाणे अवलंबून होते.

आमचे घर बुधवाऱ्यात, गावाच्या जुन्या वस्तीत. नळ एक दिवस आड येतो, उन्हाळ्यात तेवढाही भरवसा नाही. अर्धांगवायूनंतर यजमान वॉकर घेऊन चालतात. त्यांची अंघोळ (ती मी खालीच घालते), जेवण, कपडे, सगळे माझ्याकडे असते. संडासात मात्र ते एकटे जातात आणि दार आतून ओढून घेतात. मी बाहेर पाटावर बसून राहते. त्यांच्या हातात बादली टिकत नाही, म्हणून फ्लशच्या टाकीत पाणी असणे गरजेचे. तेवढे नळाचे पाणी कुठून आणायचे?

नाहणी वरच्या मजल्यावर आणि संडास खाली, ही आमच्या घराची सोय ठरली. नळवाल्याने नाहणीचे पाणी जिन्याच्या मधल्या ओट्यावरच्या झाकणाच्या ड्रममध्ये सोडले. पाणी आधी जाळीतून जाते, मग कापडातून, मग वाळू-खडीच्या बादलीतून, आणि ड्रममधून वेगळ्या नळीने फ्लशच्या टाकीत उतरते. पिण्याच्या नळाशी ही नळी कुठेच जोडलेली नाही. ड्रम भरला की जास्तीचे पाणी गटारात जाते. मोरीतले खरकटे पाणी आणि यजमानांच्या खराब झालेल्या चादरींचे पाणी यात कधीच घ्यायचे नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग संडासाला कुजका वास येऊ लागला. मी वाळू धुतली, कापड बदलले, संडासाचे भांडे घासले. वास जाईना.

एका दुपारी यजमानांनी पाण्याचा पेला परत केला. संध्याकाळीही केला.

"तहान नाही का?" मी विचारले.

"आहे. पण प्यालो की जावं लागतं. आणि तिथं श्वास रोखून बसायचं म्हणजे, बाई, या वयात प्राणायाम नको."

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेव ना. तुलाही आराम." यजमानांनी ऐकले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. मीही इतकी थकले होते की खुर्चीचा विचार मला वाईट वाटला नाही.

उलगडा नळाच्या दिवशी झाला. माझ्या नणंदबाई, यजमानांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहतात. नळ आला की आधीचे पिण्याचे हंडे त्या अंगणात ओततात. त्या सकाळी ओतता ओतता म्हणाल्या, "हे बासी झालं. ताजं भरते."

"आणि ड्रममधलं, वन्सं?"

"ते मी जपून ठेवलंय. टाकीकडे जाणाऱ्या नळीचा वॉल्व्ह बंदच असतो माझा. भाऊची वेळ झाली की तेवढा खोलते. नळ नाही आला तर काय करशील, मास्तरीणबाई? फळ्यावर पाणी लिहिशील?" मी शाळेत शिकवत असे, ते त्या विसरत नाहीत.

म्हणजे परवाच्या, त्याआधीच्या पाण्यातच रोजचे नवे पाणी मिसळत होते. गाळणी केस, धागे, मळ अडवते. विरघळलेला साबण आणि अंगाची घाण अडवत नाही. त्यावर जंतू वाढतात, पाण्यातली हवा संपते आणि पाणी कुजू लागते. झाकलेला हंडा दोन दिवस राहू शकतो. हे पाणी दिवसभरात संपवावे किंवा सोडून द्यावे.

"सोडून देऊ?" वन्संनी कमरेवर हात ठेवला. "पाणी सोडून द्यायला शिकवतेस मला?"

"तुम्ही दर नळाला अंगणाला शिकवता तेच."

रिकामा हंडा उचलत त्या म्हणाल्या, "मग नळ नसेल त्या दिवशी?"

"हंडे ओतू नका. प्यायचे नसतील तर बासी हंडे फ्लशसाठी ठेवा. टाकीत मी ओतेन. त्यात साबण नाही, ते इतक्यात सडणार नाहीत."

त्या दिवशी ड्रम तळापर्यंत रिकामा करून घासला. आता रोज दिवेलागणीच्या आधी ड्रमच्या तळाची तोटी उघडते, उरलेले सोडते, कापड धुऊन वाळत घालते. वाळूही अधूनमधून धुवावी लागते. कामात एकाची भर पडली आहे आणि माझी कंबर ते सांगते. वन्सं अजूनही सोडलेल्या पाण्याकडे पाहून चुकचुकतात, पण बासी हंडे ओळीने संडासाबाहेर मांडतात.

वास गेल्यावर यजमानांनी पहिल्यांदा पूर्ण पेला रिकामा केला. वॉकर ओढत गेले, दार ओढून घेतले. मी पाटावर बसले. आतून पाणी सुटल्याचा आवाज आला. खुर्ची आणलेली नाही.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका. तुमच्या नाहणीचे गाळलेले पाणी एका बरणीत भरा, दुसरीत नळाचे, आणि दोन्हींवर झाकण ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जरा दुरूनच वास घ्या, नंतर हात धुवा. मग तुमच्या घरात, तुमच्या उन्हाळ्यात ते किती वेळ टिकते, हे कृपया स्वतः पडताळून पाहा.